लाल रंगाची उलटतपासणी

फेरिक नायट्रेटचे विरल, आम्लयुक्त द्रावण जेमतेम पिवळसर दिसते. पोटॅशियम थायोसायनेटचे द्रावण तर पाण्यासारखे स्वच्छ असते. ही दोन द्रावणे एकत्र केली की त्याच क्षणी नारिंगी-लाल रंग उमटतो. पाहणाऱ्याला वाटते की जेवढे लोह होते तेवढे सगळे थायोसायनेटला जाऊन मिळाले. पण मिश्रणात दोन्हींचे प्रमाण लिटरला एक मिलिमोल असेल, तर लोहाच्या १०० आयनांपैकी साधारण ११ आयनच जोडले गेलेले असतात. उरलेले ८९ तसेच सुटे राहतात आणि कितीही वेळ थांबले तरी ते जोडले जात नाहीत.

हे ११ कुठून आले? नळीत उतरून कोणी आयन मोजलेले नाहीत. हाताशी आहे तो फक्त रंग. रंगाची तीव्रता मोजायची, त्यावरून जोडले गेलेले किती ते काढायचे, सुरुवातीच्या मापातून ते वजा करून सुटे किती उरले ते काढायचे आणि या तिन्हींतून एक आकडा मांडायचा. हा आकडा म्हणजे समतोल स्थिरांक. पदवीच्या रसायनशास्त्राच्या प्रयोगशाळांमध्ये हा प्रयोग जगभर केला जातो. आपल्याकडे एनसीईआरटीच्या अकरावीच्या प्रात्यक्षिकांतही या अभिक्रियेचा रंग कमी-जास्त कसा होतो ते पाहायला सांगितलेले असते. प्रयोगाची कृती सोपी आहे, त्यामुळे तो उरकून टाकला जातो. पण एकच मिश्रण न घेता पाच वेगवेगळी मिश्रणे का घ्यायची, हे समजून घेतले तर त्या आकड्यावर किती विश्वास ठेवायचा हेही कळते.

लंडन, १८५५

या लाल रंगाला प्रश्न विचारण्याची परंपरा जुनी आहे. इंग्लिश रसायनशास्त्रज्ञ जॉन हॉल ग्लॅडस्टन यांनी १८५५ मध्ये रासायनिक आकर्षणाविषयी एक मोठा निबंध प्रसिद्ध केला. त्यातले मुख्य साधन होते लोह आणि थायोसायनेट यांचा हा लाल रंग. त्यांनी लोहाच्या क्षाराचे माप कायम ठेवले, थायोसायनेट वाढवत नेले आणि रंग कसा बदलतो ते पाहिले. एका ठरावीक मापाला लोह संपेल आणि तिथून पुढे रंग वाढायचा थांबेल, असे काही घडले नाही. थायोसायनेट कितीतरी पट झाले तरी रंग थोडाथोडा वाढतच राहिला. याचा अर्थ लोह संपलेले नव्हते, पहिल्या मापांनंतरही ते सुटे शिल्लक होते.

रंगांची तुलना करण्यासाठी गडद द्रावणात पाणी घालत जायचे आणि दोन्ही सारखे दिसू लागले की थांबायचे, अशी त्यांची रीत होती. या अभिक्रियेच्या बाबतीत या रीतीत एक अडचण आहे. पाणी घातल्याने लाल संकुल फक्त पसरत नाही, त्यातले काही मोडतेही. त्यामुळे दुप्पट पाणी घातल्यावर रंग निम्म्याहून अधिक उतरतो. पुढच्या काळात पाणी न घालता दोन नळ्यांमधून वरून खाली पाहायचे आणि गडद नळीतले द्रव काढत तिची खोली कमी करायची, अशी पद्धत आली. तिच्यात द्रावणाला हात लागत नाही, फक्त प्रकाशाचा मार्ग लहान होतो. आज हे काम कलरीमीटर करतो.

ग्लॅडस्टननंतर काही वर्षांनी, १८६४ मध्ये, नॉर्वेच्या गुल्डबर्ग आणि वागे यांनी अशा अपुऱ्या राहणाऱ्या अभिक्रियांना गणिताचे रूप दिले. त्यांचा विचार आपल्या मिश्रणाला लावला तर असे होते: लोहाचा आयन थायोसायनेटला जोडला जातो, त्याच वेळी आधी जोडलेल्या जोड्या सुटतही असतात. भर दुपारी आठवडी बाजारातली गर्दी तेवढीच दिसते, तरी माणसे येत असतात आणि जात असतात, तसेच इथे घडते. जोडण्याचा आणि सुटण्याचा वेग सारखा झाला की समतोल साधतो. त्या क्षणी जोडलेल्यांची संहती भागिले दोन्ही सुट्या आयनांच्या संहतींचा गुणाकार, हे गुणोत्तर ठरावीक तापमानाला ठरावीकच येते:

K = [FeSCN²⁺] / ([Fe³⁺] × [SCN⁻])

संहती म्हणजे लिटरभर द्रावणात किती मोल पदार्थ आहे ते. सुरुवातीला कोणते माप किती घेतले यावर हे गुणोत्तर अवलंबून नसते, असा गुल्डबर्ग-वागे यांचा दावा आहे. म्हणूनच सुरुवातीची मापे मुद्दाम बदलून पाहणे हाच या प्रयोगाचा गाभा आहे.

निळा प्रकाश का?

कलरीमीटरमध्ये एका बाजूने प्रकाश सोडतात, मध्ये द्रावणाची एक सेंटिमीटर रुंदीची क्युव्हेट ठेवतात आणि पलीकडे किती प्रकाश पोचला ते यंत्र मोजते. द्रावण लाल दिसते, कारण ते निळा प्रकाश गिळते. म्हणून लाल द्रावण मोजायला लाल प्रकाश वापरून उपयोग नाही, तो जवळजवळ सगळा आरपार जातो. इथे निळा फिल्टर लावतात. साध्या कलरीमीटरमध्ये तो ४७० नॅनोमीटरचा असतो. तरंगलांबी हवी तशी निवडता येणारे स्पेक्ट्रोफोटोमीटर असेल तर ४५० नॅनोमीटरच्या आसपासची निवडतात, कारण हे संकुल तिथे सर्वात जास्त प्रकाश शोषते.

यंत्र जो आकडा दाखवते त्याला अ‍ॅब्सॉर्बन्स म्हणतात. अर्धा प्रकाश अडला तर तो ०.३० येतो, दहापैकी नऊ भाग अडला तर १ येतो. या आकड्याची सोय अशी की तो रंगीत पदार्थाच्या संहतीच्या सरळ प्रमाणात वाढतो. संकुल दुप्पट झाले की अ‍ॅब्सॉर्बन्सही दुप्पट. हाच बिअर-लँबर्ट नियम. त्यामुळे एका द्रावणात संकुल किती आहे हे माहीत असेल, तर बाकीच्यांमधले नुसत्या त्रैराशिकाने निघते.

पण एका द्रावणात किती आहे हे आधी कळायचे कसे? लाल संकुल बाटलीत भरून विकत मिळत नाही. ते द्रावणातच जन्मते आणि द्रावणातच मोडते. यावर उपाय म्हणून थायोसायनेट अगदी थोडे घेतात आणि त्यावर लोहाचा भडिमार करतात. ०.२०० मोलर फेरिक नायट्रेट ९ मिलिलिटर आणि ०.००२ मोलर पोटॅशियम थायोसायनेट १ मिलिलिटर असे मिश्रण केले, की थायोसायनेटच्या एका आयनामागे लोहाचे ९०० आयन असतात. मग बहुतेक सगळे थायोसायनेट जोडले गेले असे धरता येते आणि संकुलाची संहती ०.२०० मिलिमोलर मानतात. या द्रावणाला स्टँडर्ड म्हणतात. या ‘धरता येते’कडे आपल्याला पुढे परत यायचे आहे.

पाच नळ्या

आता मुख्य मांडणी. पाच परीक्षानळ्या घ्यायच्या. प्रत्येकीत ०.००२ मोलर फेरिक नायट्रेट ५ मिलिलिटर पिपेटने घालायचे. मग ०.००२ मोलर थायोसायनेट पहिल्या नळीत १ मिलिलिटर, दुसऱ्या नळीत २, असे पाचवीपर्यंत ५ मिलिलिटर घालायचे. उरलेली जागा ०.५ मोलर नायट्रिक आम्लाने भरून प्रत्येक नळीत एकूण १० मिलिलिटर करायचे. मूळ द्रावणेही पाण्यात करायची नाहीत, याच ०.५ मोलर आम्लात करायची. अशा रीतीने प्रत्येक नळीत सुरुवातीचे लोह १ मिलिमोलर असते आणि थायोसायनेट ०.२ पासून १.० मिलिमोलरपर्यंत पायरीपायरीने वाढते. नळ्या नीट ढवळून क्युव्हेटमध्ये ओतायच्या आणि काही मिनिटांतच वाचन घ्यायचे.

खालचे आकडे हिशेब दाखवण्यासाठी घेतले आहेत, पण काळजीपूर्वक केलेल्या प्रयोगात साधारण असेच आकडे मिळतात. स्टँडर्डचे वाचन ०.९०४ आहे असे धरू.

| नळी | थायोसायनेट (मिलि) | अ‍ॅब्सॉर्बन्स | K |
|---|---|---|---|
| १ | १ | ०.११३ | १४७ |
| २ | २ | ०.२१७ | १४३ |
| ३ | ३ | ०.३२४ | १४६ |
| ४ | ४ | ०.४१८ | १४४ |
| ५ | ५ | ०.५१६ | १४५ |

तिसऱ्या नळीचा हिशेब पूर्ण करून पाहू. स्टँडर्डमध्ये ०.९०४ म्हणजे ०.२०० मिलिमोलर संकुल, तर ०.३२४ म्हणजे ०.०७१७ मिलिमोलर. संकुलाच्या प्रत्येक आयनाने एक लोह आणि एक थायोसायनेट वापरलेले असते. म्हणून लोह १.००० मधून ०.०७१७ वजा होऊन ०.९२८ उरले आणि थायोसायनेट ०.६०० मधून तेवढेच वजा होऊन ०.५२८ उरले. हे सगळे आकडे मोलरमध्ये बदलून मांडले की ०.००००७१७ भागिले (०.०००९२८ × ०.०००५२८), म्हणजे १४६. बाकीच्या नळ्याही याच वाटेने जातात. पाचांची सरासरी १४५ येते.

थायोसायनेट पहिल्या नळीपेक्षा पाचवीत पाचपट आहे. रंग मात्र पाचपट झालेला नाही, साडेचारपटीच्या थोडा वर गेला आहे. वाचन बदलले, उरलेले लोह बदलले, उरलेले थायोसायनेट बदलले, आणि तिघांतून निघणारा आकडा जवळजवळ तिथेच राहिला. ग्लॅडस्टन यांनी डोळ्यांनी पाहिलेली, रंग हळूहळू वाढण्याची गोष्ट इथे आकड्यांत उतरते.

सूत्र खरे कशावरून?

एकच नळी घेतली असती तरी काहीतरी आकडा निघालाच असता. गणिताला हरकत घेता येत नाही, ते कोणत्याही सूत्राला उत्तर देते. समजा, लाल संकुलात लोहाच्या एका आयनाला थायोसायनेटचे दोन आयन चिकटतात असे कोणी मानले. मग सूत्र बदलते: प्रत्येक संकुलासाठी थायोसायनेट दुप्पट वजा करायचे आणि भागाकारात उरलेल्या थायोसायनेटचा वर्ग घ्यायचा. एका नळीवर हे सूत्र चालवले तर त्यातही एक नीटस आकडा मिळतो आणि तो चूक आहे हे सांगायला कोणी साक्षीदार नसतो.

पाच नळ्या असतील तर साक्षीदार असतात. वरचीच वाचने या दुसऱ्या सूत्रात घातली, तर पहिल्या नळीत जो स्थिरांक निघतो त्याच्या पाचव्या हिश्शाहूनही कमी पाचव्या नळीत निघतो. ज्याला स्थिरांक म्हणायचे तोच नळीगणिक घसरत असेल, तर सूत्र खोटे ठरते. एकास एक जोडीच्या सूत्रात मात्र पाचही नळ्या १४३ ते १४७ एवढ्याच पट्ट्यात राहतात. म्हणजे या पाच नळ्या सरासरीसाठी केलेली पुनरावृत्ती नाहीत. त्या आधी सूत्राची परीक्षा घेतात आणि मगच आकडा देतात.

हा प्रश्न रसायनशास्त्रालाही बराच काळ छळत होता. लाल पदार्थात लोहाला तीन किंवा सहा थायोसायनेट जोडलेले असतात, अशीही मते होती. बेंट आणि फ्रेंच यांनी १९४१ मध्ये दाखवून दिले की विरल द्रावणातला लाल रंग एकास एक जोडीचा आहे. फ्रँक आणि ऑस्वाल्ट यांनी १९४७ मध्ये तिचा स्थिरांक आणि प्रकाशशोषण काळजीपूर्वक मोजले. दोन थायोसायनेट असलेले संकुल अस्तित्वातच नाही असे नाही. थायोसायनेट भरपूर वाढवले की ते तयार होऊ लागते आणि रंगाचे गणित बिघडवते. म्हणूनच आपल्या मांडणीत थायोसायनेट लोहापेक्षा जास्त होऊ दिलेले नाही आणि दोन्ही मिलिमोलच्या पातळीवर ठेवले आहेत.

घसरण दिसली तर

आता समजा, सूत्र बरोबर आहे, तरीही K नळीगणिक घसरतो आहे. अशा वेळी घसरणीची दिशा पाहिली तर दोष कुठे आहे ते बहुधा कळते.

सर्वात नेहमीचा दोष ब्लँकचा असतो. मोजायला सुरुवात करण्याआधी, ज्यात थायोसायनेट नाही असे द्रावण ठेवून यंत्र शून्यावर आणायचे असते. ते नीट झाले नाही किंवा क्युव्हेटवर बोटाचे ठसे राहिले, तर प्रत्येक नळीच्या वाचनात सारखीच थोडी वाढ होते. ही वाढ ०.०२० आहे असे धरून वरचा हिशेब पुन्हा केला तर K अनुक्रमे १७८, १५९, १५७, १५३, १५३ येतो. कारण उघड आहे: ०.११३ मध्ये ०.०२० ची भर मोठी, ०.५१६ मध्ये तीच किरकोळ. पहिल्या नळीत K फुगलेला आणि पुढे उतरत जाऊन स्थिर होणारा, अशी रांग दिसली की सरासरी काढण्याऐवजी ब्लँक पुन्हा घ्यावा. क्युव्हेट फक्त खरखरीत बाजूंनी धरावी, पुसून घ्यावी आणि दरवेळी एकाच दिशेने ठेवावी.

दुसरा दोष वेळेचा. लाल रंग टिकाऊ नसतो. लोहाचा फेरिक आयन थायोसायनेटचे हळूहळू ऑक्सिडीकरण करतो, प्रकाशानेही रंग फिका होतो. नळ्या पहिलीपासून पाचवीपर्यंत वाचत गेलो आणि मध्ये वेळ गेला, तर शेवटच्या नळीला सर्वात जास्त फटका बसतो आणि K पुन्हा उतरता दिसतो. ब्लँकचा दोष की वेळेचा, हे ओळखायला एक सोपी युक्ती आहे. नळ्या ताज्या करून उलट्या क्रमाने, पाचवीपासून पहिलीकडे वाचायच्या. दोष वेळेचा असेल तर उताराची दिशा उलटते. ब्लँकचा असेल तर तो तसाच राहतो.

घसरणही नाही आणि चढणही नाही, आकडे फक्त इकडेतिकडे हलतात, तर तो मापनाचा स्वाभाविक पसारा. पहिल्या नळीत वाचनातली ०.००२ ची चूक म्हणजे जवळपास दोन टक्के, पाचवीत तीच अर्ध्या टक्क्याहून कमी. एक मिलिलिटर मोजतानाची पिपेटची चूकही पहिल्या नळीतच सर्वात जास्त भोवते. म्हणून १४७ आणि १४३ यांच्यातल्या फरकात अर्थ शोधू नये.

एकमत असूनही चूक

इथपर्यंत पाच नळ्यांचे कौतुक झाले. आता त्यांची मर्यादा. जी चूक प्रत्येक नळीला वेगळ्या प्रमाणात लागते तीच त्या पकडतात. जी चूक सगळ्यांना सारख्याच प्रमाणात लागते, तिच्याबाबतीत पाचही नळ्या एकमताने चुकीची साक्ष देतात.

अशी चूक आपल्याच हिशेबात बसलेली आहे. स्टँडर्डमध्ये सगळे थायोसायनेट जोडले गेले असे आपण धरले होते. पण स्टँडर्डही समतोलातच आहे, त्याला वेगळा कायदा नाही. त्यात लोह ०.१८ मोलर आहे. K १४५ असेल तर थायोसायनेटच्या प्रत्येक सुट्या आयनामागे जोडलेले १४५ × ०.१८, म्हणजे सुमारे २६ आयन असतील. २७ पैकी २६, म्हणजे ९६.३ टक्के. उरलेले पावणेचार टक्के थायोसायनेट ९०० पट लोहातही सुटेच आहे. म्हणून स्टँडर्डमधले संकुल ०.२०० मिलिमोलर नसून ०.१९२६ आहे आणि त्यावरून काढलेले प्रत्येक नळीतले संकुल तेवढ्याच टक्क्यांनी फुगलेले आहे.

सुंदर गोष्ट अशी की ही चूक दुरुस्त करायला लागणारा आकडा याच प्रयोगातून मिळाला आहे. ०.२०० च्या जागी ०.१९२६ घालून पाचही नळ्यांचा हिशेब पुन्हा केला, की K अनुक्रमे १४०, १३७, १४०, १३८ आणि १३९ येतो, सरासरी १३९. हा नवा K वापरून स्टँडर्डची टक्केवारी पुन्हा काढली तर ती ९६.२ येते. उत्तर आणखी जेमतेम एकाने हलते आणि थांबते. दोन फेऱ्यांत हिशेब स्वतःशी जुळतो.

ध्यानात घेण्याजोगी बाब अशी: दुरुस्तीआधी पाच आकड्यांचा पसारा चार होता, दुरुस्तीनंतर तीन. दोन्ही रांगा सारख्याच सुबक. नुसता पसारा पाहून १४५ खरे की १३९, हे कोणालाही सांगता आले नसते. प्रयोगवहीत ‘निकाल एकमेकांशी जुळतात, म्हणून बरोबर आहेत’ असे लिहिलेले असते, तेव्हा हीच गफलत होते. नळ्यांचे एकमत सूत्राच्या बाजूने पुरावा देते, पण मोजपट्टीच्या खरेपणाबद्दल काही सांगत नाही.

स्टँडर्डबाबत आणखी एक काळजी घ्यावी लागते. ०.१८ मोलर लोहाला स्वतःचा पिवळसर रंग असतो आणि निळ्या प्रकाशात तो मोजला जातो. म्हणून स्टँडर्डसाठी वेगळा ब्लँक हवा, तेवढेच लोह असलेला पण थायोसायनेट नसलेला. नळ्यांसाठीचा ब्लँक तिथे चालत नाही.

स्टँडर्डचा आधारच नको असेल तर फ्रँक आणि ऑस्वाल्ट यांच्या धर्तीचा मार्ग आहे. लोह खूप मोठ्या पट्ट्यात बदलत न्यायचे, थायोसायनेट थोडे ठेवायचे आणि आकडे अशा रीतीने आलेखावर मांडायचे की एक सरळ रेषा मिळेल. रेषेच्या उतारातून संकुलाची शोषणक्षमता मिळते आणि उतार व छेद यांच्या गुणोत्तरातून K. ‘सगळे जोडले गेले’ असे कुठेच धरावे लागत नाही. आपल्या पाच नळ्यांत लोह कायमच असल्याने ही रेषा फार आखूड पडते आणि वाचनातल्या बारीक चुकीनेही तिचा उतार बराच हलतो. म्हणून ती पद्धत वेगळी द्रावणे करूनच वापरावी लागते.

आम्ल कशाला?

शेवटी त्या ०.५ मोलर नायट्रिक आम्लाविषयी. कृतीत ते फक्त पातळ करायला घातल्यासारखे दिसते. प्रत्यक्षात K चा आकडा त्याच्याशिवाय अर्थहीन आहे.

पाण्यात फेरिक आयनाला पाण्याचे सहा रेणू धरून असतात. आम्ल कमी असेल तर त्यातल्या एखाद्या रेणूतून हायड्रोजनचा आयन सुटून जातो. मग लोह पिवळसर-तपकिरी पडते आणि आपण जे सुटे लोह म्हणून मोजतो त्यातले बरेच त्या रूपात गेलेले असते. भरपूर आम्ल असले की ही गळती थांबते. नायट्रिकच का, हायड्रोक्लोरिक का नाही? कारण क्लोराइड आयनही लोहाला चिकटतो आणि थायोसायनेटशी स्पर्धा करतो. नायट्रेट जवळजवळ अलिप्त राहतो. ०.५ मोलर हायड्रोक्लोरिक आम्लात हाच प्रयोग केला तर K बराच कमी निघेल. क्लोराइड सगळ्या नळ्यांत सारखेच असल्याने तेव्हाही पाचही नळ्या एकमेकींशी नीट जुळतील. सगळ्यांना सारखी लागलेली चूक दिसत नाही, हे इथेही खरे ठरते.

आम्लाचे तिसरे काम कमी परिचित आहे. लोहाचा आयन तीन धनभारांचा, थायोसायनेट एका ऋणभाराचा. आजूबाजूला इतर आयनांची गर्दी असेल तर या दोघांमधली ओढ मंदावते. म्हणून फार विरल, जवळजवळ आयनरहित पाण्यासाठी काढलेला हाच स्थिरांक हजाराच्या घरात जातो, आणि ०.५ मोलर आम्लात १४० च्या आसपास उतरतो. आम्ल सगळीकडे सारखे ठेवले तर ही गर्दी पाचही नळ्यांत जवळजवळ एकच राहते आणि मगच त्यांची तुलना न्याय्य ठरते. स्टँडर्डमध्ये मात्र ०.१८ मोलर लोह आणि त्याच्याबरोबरचा तिप्पट नायट्रेट आल्याने गर्दी वाढते आणि तिथला K थोडा खाली असतो. आपली पावणेचार टक्क्यांची दुरुस्तीही त्यामुळे अगदी काटेकोर नाही. दिशा आणि अंदाजे माप तिचे बरोबर आहे, शेवटचा अंक मात्र पक्का नाही.

तापमानाचेही तसेच. ही जोडणी उष्णता बाहेर टाकणारी आहे, त्यामुळे द्रावण तापवले की रंग उतरतो आणि गार केले की चढतो. मे महिन्यातल्या पस्तीस अंशांच्या प्रयोगशाळेत आणि पंचवीस अंशांच्या वातानुकूलित खोलीत एकच आकडा यावा अशी अपेक्षा करू नये.

म्हणून निकाल लिहिताना नुसते ‘K = १३९’ लिहिणे अपुरे आहे. पुरा निकाल असा: २५ अंश सेल्सिअसला, ०.५ मोलर नायट्रिक आम्लात, एकास एक संकुलासाठी, स्टँडर्ड दुरुस्त केल्यानंतर K सुमारे १३९, नळ्यांमधला फरक दोन-तीनचा. या वाक्यातल्या प्रत्येक अटीमागे एक वेगळा पुरावा आहे. ‘एकास एक’ आणि ‘दोन-तीनचा फरक’ एवढ्या दोनच गोष्टी पाच नळ्यांनी सिद्ध केल्या. तापमान थर्मामीटरने, आम्ल बाटलीवरच्या मापाने आणि स्टँडर्ड आपल्याच गणिताने सांभाळावे लागले. मूल्य वेगळे आले तर आधी यांतली कोणती अट वेगळी होती ते पाहावे, आणि पाचही नळ्या जुळत असतील तर शोध नळ्यांच्या बाहेर सुरू करावा.